मोबाईल म्हणतो ‘साप बिनविषारी’, पण मोबाईलची परीक्षा कोणी घेतली?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोन-अडीचच्या सुमारास दवाखान्याचे दार वाजले. शेजारच्या वस्तीवरची एक बाई, वय तिशीच्या आतबाहेर, जमिनीवर वाकळ टाकून झोपलेली असताना हाताला काहीतरी टोचले म्हणून उठली. दिवा लावला तर वाकळेखालून काळसर, पांढऱ्या पट्ट्यांचा साप बाहेर पडला. मुलाने टॉर्च मारून मोबाईलवर फोटो काढला. फोटो पाहून सापाचे नाव सांगणारे ॲप त्याच्या मोबाईलमध्ये होते. उत्तर आले: कवड्या, बिनविषारी, खात्री ९१ टक्के.

“डॉक्टरसाहेब, मोबाईलनं तर बिनविषारी सांगितलंय. पण आजी काही केल्या ऐकंना, म्हणून आणलं,” मुलगा थोडा ओशाळून म्हणाला. हातावर सूज नव्हती. दाताची खूणही धड दिसत नव्हती. पण बाईच्या पोटात कळा येत होत्या आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटत होते. मी तिला वर छताकडे बघायला सांगितले. डोळे वर गेले, पापण्या मात्र अर्ध्यावरच थांबल्या. एवढे पुरेसे होते. आरोग्य केंद्रात प्रतिविषाची लस सुरू करून तिला १०८ च्या गाडीने बीडला पाठवले. काही दिवस कृत्रिम श्वासावर राहून ती सुखरूप घरी आली.

सकाळी घरच्यांनी मारलेला साप प्लॅस्टिकच्या बरणीत घालून आणला. पाठीच्या कण्यावरची खवल्यांची रांग बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षट्कोनी होती. तो मण्यार होता. आजीने हट्ट धरला नसता तर बाई पुन्हा त्याच वाकळेवर झोपली असती.

हा प्रसंग आमच्या लिंबागणेशला काही जगावेगळा नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात साप आहेत, आणि आपली माणसे शेतात, पालावर, ऊसतोडीला गेल्यावर कोपीत, जमिनीवरच झोपतात. देशाचा विचार केला तर २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. अशा ठिकाणी खिशातला मोबाईल साप ओळखू लागला तर कोणाला नको आहे? मलाही हवाच आहे. फक्त नव्या कंपाउंडरच्या हाती सुई देण्यापूर्वी त्याची पारख करतो, तशी या ॲपचीही करावी, एवढेच माझे म्हणणे. ती पारख कशी करतात आणि तिच्यातून काय कळते, काय कळत नाही, ते आज सांगतो.

परीक्षेचा पेपर आपल्याच मातीतला हवा

ॲप साप ओळखायला शिकते ते हजारो फोटो पाहून. त्यातले बरेच फोटो चांगल्या कॅमेऱ्याने, दिवसाउजेडी, साप पूर्ण दिसेल असे काढलेले असतात. आपल्याकडचा फोटो कसा असतो? रात्रीचा, टॉर्चचा झोत एकाच ठिकाणी पडलेला, हात थरथरलेला, साप अर्धा कणगीखाली गेलेला, आणि व्हॉट्सॲपवर या गटातून त्या गटात फिरून पुसट झालेला. चांगल्या फोटोंवर उत्तम गुण मिळवणारे ॲप या फोटोंवर नापास होऊ शकते.

सापही जागोजाग वेगळे. कोकणात चापडा सापडतो, तो आपल्या उघड्या माळावर भेटायचा नाही. आपल्याकडे घोळ होतो तो ठरलेल्या जोड्यांत. मण्यार आणि कवड्या, घोणस आणि डुरक्या घोणस, फुरसे आणि मांजऱ्या, नाग आणि धामण. या प्रत्येक जोडीतला पहिला साप जीव घेऊ शकतो, दुसऱ्याच्या दंशाने माणूस मरत नाही. म्हणून परीक्षेच्या पेपरात या जोड्या हव्यातच. नुसते फणा काढलेले नाग दाखवले तर कोणतेही ॲप पास होईल.

इंटरनेटवरून उतरवलेले फोटो मात्र वापरू नयेत. ॲपने शिकताना तेच फोटो पाहिलेले असण्याची शक्यता असते. पेपर आधीच फुटला असेल तर मिळालेल्या गुणांना काय अर्थ?

मी तीन ठिकाणांहून फोटो जमवू लागलो. रुग्णाच्या नातेवाइकांच्या मोबाईलमधले, परिसरातल्या सर्पमित्रांकडचे, आणि गावकऱ्यांनी घरात निघालेल्या सापाचे पाठवलेले. प्रत्येकाची परवानगी घेतली. माणसाचा चेहरा दिसत असेल तर तेवढा भाग कापून टाकला. फोटो आला तसाच ठेवला, उजळ केला नाही की स्पष्ट केला नाही. ‘हा फारच खराब आहे’ म्हणून एकही काढून टाकला नाही, कारण रात्री दोन वाजता येणारा फोटो खराबच असतो. एकाच सापाचे दहा फोटो आले तर त्यातला पहिला काढलेला तेवढा घेतला. दहाही घेतले तर एकच प्रश्न दहा वेळा विचारल्यासारखे होते आणि गुण उगाच फुगतात किंवा घटतात.

उत्तरपत्रिका आधी तयार करायची

या कामातला सर्वांत अवघड भाग म्हणजे प्रत्येक फोटोतल्या सापाचे खरे नाव लिहिणे. इथे घाई केली तर सगळी परीक्षाच खोटी ठरते.

पहिली गोष्ट, खरे नाव ठरवायला ॲपपेक्षा चांगला पुरावा हवा. ॲपला मिळतो तोच पुसट फोटो पाहून आपणही अंदाज करायचा आणि त्याला ‘खरे’ म्हणायचे, यात परीक्षा कसली? म्हणून मी भर दिला तो ज्यांचा साप नंतर सर्पमित्राने पकडून जवळून पाहिला, किंवा मेलेला साप दवाखान्यात आला, अशा फोटोंवर. ॲपला दाखवायचा तो घरच्यांचा पहिला फोटो. नाव ठरवायचे ते प्रत्यक्ष सापावरून.

मण्यार आणि कवड्याचेच पाहा. मण्यारचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. पण पट्टे फसवू शकतात. भरवशाची खूण खवल्यांची: मण्यारच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षट्कोनी, कवड्याचे तसे नाहीत. मण्यारच्या शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे मधोमध दुभंगलेले. अशी खूण पाहून लिहिलेले नाव, ते खरे नाव. ही खूण पाहण्याचे काम जाणकार सर्पमित्राचे. वाचकांनी सापाजवळ जाऊन खवले मोजायच्या भानगडीत पडू नये. मेलेला सापही डोक्याकडून हाताळू नये, काही वेळ तोही चावू शकतो.

दुसरी गोष्ट, नाव दोघांनी वेगवेगळे लिहायचे. एक सर्पमित्र आणि एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक यांनी एकमेकांची चिठ्ठी न पाहता नावे लिहिली. जिथे जुळली नाहीत तिथे तिसऱ्याला विचारले. तरीही ठरेना ते फोटो ‘अनिश्चित’ म्हणून वेगळे ठेवले, पण वहीतून खोडले नाहीत.

तिसरी गोष्ट माझ्याच व्यवसायातली. रुग्णाला काही झाले नाही म्हणून ‘साप बिनविषारी’ असे लिहायचे नाही. विषारी साप कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. याला कोरडा दंश म्हणतात. रुग्ण ठणठणीत राहिला तरी साप नागच असू शकतो.

ही सगळी नावे वहीत लिहून झाली, वही बंद झाली, त्यानंतरच फोटो ॲपला दाखवायला घेतले. आधी ॲपचे उत्तर पाहिले की माणसाचे मन तिकडे झुकते, आणि शंकेचा फायदा नकळत ॲपला जातो. वहीत मी साधे रकाने आखले: क्रमांक, तारीख, गाव, दिवस की रात्र, साप पूर्ण दिसतो की अर्धा, खरे नाव, कशावरून ठरवले, ॲपचे उत्तर, ॲपने सांगितलेली खात्री, आणि त्या दिवशी मोबाईलमध्ये ॲपची कोणती आवृत्ती होती ते. शाळेची शंभर पानी वही पुरते.

गुण मोजताना एकच बेरीज करू नका

माझ्या वहीतले आकडे मी इथे छापत नाही. फोटो अजून थोडे आहेत, आणि छापलेला आकडा लोक दाखला समजून भिंतीला लावतात. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेऊ.

समजा, आपल्याकडे ६० फोटो आहेत. त्यातले २४ विषारी सापांचे, ३० बिनविषारी सापांचे आणि ६ अनिश्चित. अनिश्चित बाजूला ठेवले, उरले ५४. विषारी २४ पैकी ॲपने १९ विषारी म्हटले, ३ बिनविषारी म्हटले आणि २ वेळा ‘सांगता येत नाही’ म्हटले. बिनविषारी ३० पैकी २४ बरोबर ओळखले, ४ विषारी म्हटले आणि २ वेळा उत्तर दिले नाही.

आता ॲपवाला म्हणेल, ५४ पैकी ४३ बरोबर, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. शाळेत ८० टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. पण इथे दोन चुका सारख्या नाहीत. धामणीला नाग म्हटले तर माणूस घाबरेल, गाडीचे भाडे जाईल, एक रात्र दवाखान्यात काढील. मण्यारला कवड्या म्हटले तर माणूस झोपेल आणि कदाचित उठणार नाही. म्हणून पहिली चूक आणि दुसरी चूक वेगळी मोजायची. आपल्या हिशेबात २४ विषारी सापांपैकी ३ सुटले, म्हणजे आठात एक.

नातेवाइकांच्या मनातला प्रश्न तर आणखी वेगळा असतो. त्यांच्या हातात साप नसतो, ॲपचे उत्तर असते. “ॲप बिनविषारी म्हणतंय, तर घरी न्यावं का?” याचे उत्तर असे काढायचे: ॲपने एकूण किती वेळा बिनविषारी म्हटले? २४ आणि ३ मिळून २७ वेळा. त्यातले ३ प्रत्यक्षात विषारी होते. म्हणजे ॲपच्या भरवशावर घरी पाठवलेल्या दर नऊ माणसांत एकाला विषारी साप चावलेला होता. ८० टक्क्यांचा पेढा इथे कडू लागतो.

हे नवाचे प्रमाणही कायमचे नव्हे. आपल्या ढिगात विषारी आणि बिनविषारी साप किती आहेत त्यावर ते बदलते. जिथे चावणाऱ्या सापांत मण्यार जास्त, तिथे धोका जास्त. म्हणून पुण्याचा आकडा लिंबागणेशला चालत नाही.

शेवटी चुका कुठे झाल्या ते पाहायचे. समजा, सुटलेले तिन्ही साप मण्यार होते आणि ढिगात मण्यार आठच होते, तर नाग आणि घोणस ओळखण्यात ॲप पक्के आहे, पण मण्यार आठपैकी तीनदा सुटतो. सरासरीत ही गोष्ट दिसतच नाही. मण्यार मुख्यतः रात्री फिरतो आणि झोपलेल्याला चावतो. त्याचा फोटो रात्रीचाच येणार, म्हणजे ज्या सापासाठी ॲपची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते सर्वांत कच्चे. माझ्या वहीतही चुका रात्रीच्या आणि पट्टेवाल्या सापांच्या फोटोंतच साठलेल्या दिसल्या. ॲपची ‘९१ टक्के खात्री’ही तपासावी. ज्या फोटोंवर ॲपने नव्वदच्या वर खात्री सांगितली, त्यातले खरोखर किती बरोबर निघाले ते मोजायचे. चुकलेल्या उत्तरांसोबतही छातीठोक खात्री लिहिलेली आढळली, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

शून्य चूक म्हणजे शून्य धोका नव्हे

इथे एक वाचक विचारतील, “डॉक्टर, समजा एकही विषारी साप सुटला नाही, तर मग विश्वास ठेवायचा ना?”

यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. जितके फोटो तपासले आणि एकही चूक सापडली नाही, त्या संख्येने तीनला भागायचे. खरा चुकीचा दर जास्तीत जास्त तितका असू शकतो, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. विषारी सापांचे ३० फोटो दाखवले आणि एकही चूक झाली नाही, तर तीन भागिले तीस, म्हणजे दहात एक. शून्य चुका होऊनही प्रत्यक्षात दर दहा विषारी सापांपैकी एक सुटत असणे शक्य आहे! शंभरात एकापेक्षा कमी चूक आहे असे म्हणायला विषारी सापांचे ३०० फोटो लागतील, आणि तेही एकही चूक न होता. आपल्या दोन-चार गावांतून इतके जमवायला किती पावसाळे लागतील, ते तुम्हीच पाहा.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. लहान ढीग ॲपला नापास करू शकतो, पण पास करू शकत नाही. आठ मण्यारांत तीन सुटले, तर निकाल लागला; आणखी फोटो कशाला? पण आठच्या आठ बरोबर आले, तर एवढेच म्हणायचे की अजून चूक दिसलेली नाही. परीक्षा चालू ठेवायची.

शिवाय ॲप अधूनमधून बदलते. नवी आवृत्ती आली की जुने गुण रद्द समजून तोच पेपर पुन्हा द्यायला लावायचा. आणि हे फोटो सगळीकडे पसरवायचे नाहीत, नाहीतर ॲप तेच फोटो पाठ करील आणि आपला पेपर फुटेल. काही ॲप दाखवलेले फोटो स्वतःकडे साठवूनही ठेवतात. म्हणून मी दर पावसाळ्यात काही नवे फोटो मिळवतो आणि त्यांचे गुण वेगळे लिहितो. जुन्यांवर उत्तम आणि नव्यांवर कच्चे, असे झाले की काय घडले ते ओळखावे.

मग दवाखान्यात काय करतो?

आमच्याकडे सध्या ॲपच्या ‘विषारी’ या उत्तराने धावपळ लवकर सुरू होते; ‘बिनविषारी’ या उत्तराने एकही रुग्ण घरी जात नाही. उत्तर न आलेला फोटो विषारी समजतो. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे. त्यामुळे चौघांपैकी नेमका कोणता, यावाचून उपचार अडत नाहीत. लस द्यायची की नाही ते लक्षणांवर ठरते: पापण्या जड होणे, गिळता न येणे, वाढती सूज, रक्त न थांबणे. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते पाहायला नवी, कोरडी काचेची नळी आणि २० मिनिटे लागतात: नळीत थोडे रक्त घ्यायचे, न हलवता ठेवायचे आणि वेळ झाल्यावर तिरपी करून पाहायचे. लक्षणे नसली तरी रुग्णाला रात्रभर, शक्यतो २४ तास, नजरेखाली ठेवायचे. मण्यारच्या विषाची लक्षणे काही तास उशिरानेही दिसतात.

वाचकांना माझी विनंती तीन गोष्टींची. साप चावला तर फोटोसाठी सापामागे धावू नका. त्यात दुसऱ्यालाही चावतो. फोटो सहज मिळालाच तर आणा, पण ॲपचे उत्तर येईपर्यंत घरी थांबू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना गाठा. आणि घरात निघालेल्या सापाचा लांबून काढलेला फोटो असेल, सर्पमित्राने तो साप नंतर पकडून पाहिला असेल, तर तो फोटो गाव आणि तारीख लिहून माझ्याकडे आणून द्या. पुसट असला तरी आणा, माझ्या वहीला तसलेच हवे आहेत.

त्या रात्रीचा फोटो माझ्या वहीत पहिल्या क्रमांकावर आहे. खरे नाव: मण्यार. ॲपचे उत्तर: कवड्या. शेरा: आजीचे ऐकले म्हणून वाचली.